क्रिलिन मेला आणि गोकूचे केस सोनेरी झाले: ॲनिमेतील शक्तिजागृतीचा प्रसंग कसा तपासावा

नामेक ग्रहावर खलनायक फ्रीझा नुसत्या बोटाच्या इशाऱ्याने क्रिलिनला हवेत उंच उचलतो, क्रिलिन आपला मित्र, कथेचा नायक गोकू याच्या नावाने हाक मारतो आणि त्याच क्षणी त्याच्या देहाचा स्फोट होतो. पुढच्या काही चौकटींत गोकूचे केस उभे राहतात, त्यांचा काळा रंग जातो आणि ज्याच्यापुढे आतापर्यंत कोणाचेच काही चालले नव्हते त्या फ्रीझाला पहिल्यांदा घाम फुटतो. अकिरा तोरियामा यांच्या ‘ड्रॅगन बॉल’मधला हा प्रसंग १९९१ साली ‘शोनेन जंप’ या जपानी साप्ताहिकातही आला आणि त्याच वर्षी दूरचित्रवाणीवरही दिसला. आपल्याकडे अनेकांनी तो नंतर कार्टून नेटवर्कवर हिंदीत पाहिला. ॲनिमेतला पॉवर-अप म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आजही हेच चित्र उभे राहते.

या प्रसंगाचे नेहमीचे स्पष्टीकरण असे असते की संतापाने बळ वाढते, म्हणून तो जिंकतो. मला ते अपुरे वाटते, कारण तळपायाची आग मस्तकाला गेलेली पात्रे कथेत शेकड्याने असतात आणि त्यांतली बहुतेक मार खातात. माझ्या मते भावनेचा कळस शक्ती निर्माण करत नाही. आधीच्या प्रकरणांत लेखकाने साठवून ठेवलेली शक्ती त्या क्षणी फक्त मोकळी होते. जपानी वाचक या प्रकाराला ‘काकुसेई’ म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच ‘जागृती’ असा आहे. जे जागे होते ते आधीपासून तिथे असावे लागते. म्हणून असा प्रसंग समजून घ्यायचा असेल तर तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहून फारसे हाती लागत नाही. त्याच्या मागची वीस-पंचवीस प्रकरणे आणि पुढची दहा प्रकरणे वाचावी लागतात. तो कसा तपासावा हे या लेखात नामेकचा प्रसंग समोर ठेवून क्रमाने सांगतो. मात्र त्याआधी हा प्रघात कुठून आला हे पाहणे सोयीचे ठरेल.

प्रघाताचे मूळ

जपानी भाषेत ‘काजिबा नो बाकाजिकारा’ असा एक वाक्प्रचार आहे. काजिबा म्हणजे आग लागलेली जागा आणि बाकाजिकारा म्हणजे वेडी, अचाट ताकद. घराला आग लागली की एरवी हलणारही नाही असे कपाट माणूस एकटा उचलून बाहेर आणतो, ही त्यामागची कल्पना. ही शक्ती बाहेरून येत नाही, ती अंगातच असते आणि रोजच्या जगण्यात तिच्यावर झाकण असते, असे ती गृहीत धरते. १९७९ साली ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात सुरू झालेल्या ‘किन्निकुमान’ या कुस्तीच्या कथेने हाच वाक्प्रचार उचलला, त्यातल्या ‘वेड्या’ शब्दाच्या जागी जरा शिवराळ शब्द घातला आणि नायकाच्या शक्तीला तेच नाव देऊन टाकले. हा नायक एरवी भित्रा आणि विनोदी आहे. मित्रावर संकट आले आणि सगळे हातचे गेले की ती शक्ती उसळते. लोकांच्या तोंडी असलेली समजूत इथे कथेतला नाव असलेला नियम बनली. प्रघात होण्याच्या वाटेवरचे हे पहिले मोठे पाऊल मी मानतो.

त्यानंतरच्या दशकात त्याच साप्ताहिकातल्या कथांनी हा नियम आपापल्या परीने वळवला. ‘होकुतो नो केन’मधले सर्वश्रेष्ठ तंत्र कितीही सराव केला तरी येत नाही, ज्याने मनात दुःख वागवले आहे त्यालाच ते साध्य होते. १९८६ साली सुरू झालेल्या ‘सेंट सेया’मध्ये चिलखत फुटलेले, सोबती पडलेले योद्धे आपल्या आतले ‘कॉस्मो’ पेटवून पुन्हा उभे राहतात. एकाने दुःखाला पात्रतेची अट केले, दुसऱ्याने निर्धाराला इंधन केले. पण शरीराची मर्यादा संपते तिथून मनाचा हिशोब सुरू होतो, हे दोघांनीही धरून ठेवले.

याच साप्ताहिकात हे का घडले, याचे उत्तर त्याच्या कारभारात सापडते. ‘शोनेन जंप’ १९६८ साली निघाले. मैत्री, प्रयत्न आणि विजय हे त्याचे तीन परवलीचे शब्द वाचकांनाच विचारून ठरवले गेले. अंकासोबतच्या कार्डावर वाचक त्या आठवड्यात काय आवडले ते कळवत, आणि त्या क्रमवारीत खाली राहिलेली कथा काही आठवड्यांत बंद होई. लेखकाच्या हाती दर आठवड्याला जेमतेम एकोणीस-वीस पाने येतात. अशा वेळी प्रयत्नाचा परिणाम सावकाश दाखवणे परवडत नाही, कारण सहा महिन्यांचा सराव चित्रांत कंटाळवाणा होतो. भावनेच्या शिखरावरची शक्तिजागृती ही अडचण सोडवते. मैत्रीमुळे दुःख होते, दुःखामुळे साठलेला प्रयत्न फळतो आणि विजय मिळतो. तिन्ही शब्द एका प्रकरणात बसतात. लेखकांनी हे सूत्र समोर मांडून लिहिले असे मी म्हणत नाही, पण कार्डांच्या चाळणीतून वर राहिलेल्या कथांमध्ये ते वारंवार दिसते.

पहिली पायरी: आधीची मोजमापे शोधा

प्रसंगाच्या मागे जाताना सर्वांत आधी हे पाहावे की ही शक्ती त्या पात्रात असल्याची चुणूक लेखकाने पूर्वी कुठे दाखवली आहे का. ‘ड्रॅगन बॉल’मध्ये ती जागा अगदी स्पष्ट आहे. राडिट्झ नावाचा शत्रू पृथ्वीवर येतो तेव्हा त्याच्या डोळ्यावर स्काउटर नावाचे यंत्र असते आणि ते समोरच्याची लढाऊ शक्ती आकड्यात सांगते. गोकूचा लहानगा मुलगा गोहान रडत असताना हे यंत्र अचानक ७१० दाखवते आणि राडिट्झला वाटते की यंत्र बिघडले. पुढे वडिलांना छळताना पाहून गोहान यानाचे कवच फोडून बाहेर येतो तेव्हा आकडा १३०७ होतो. मुलगा राडिट्झच्या छातीवर आदळतो, त्याचे चिलखत तडकते, आणि क्षणभराने आकडा पुन्हा १ वर येतो.

तीन आकडे, एक रडणारे पोर आणि आपल्याच यंत्रावर विश्वास न बसणारा शत्रू एवढ्यावर तोरियामांनी सगळा नियम सांगून टाकला आहे. गोकूच्या या सैयान वंशात शक्ती दडलेली असते, भावनेने ती वर येते आणि भावना ओसरली की ती टिकत नाही. नामेकवर सोनेरी केस दिसतात तेव्हा वाचकाला फसवल्यासारखे वाटत नाही, याचे मूळ इथे आहे. तुम्ही तपासत असलेल्या कथेत अशी एकही जागा सापडली नाही, तर तो प्रसंग लेखकाने ऐनवेळी जुळवला असण्याची शक्यता मोठी.

या पायरीवर आणखी एक गोष्ट शोधावी: निव्वळ संतापाने काम न झालेला प्रसंग. नामेकवरच आधी फ्रीझा क्रिलिनला शिंगाने भोसकतो, गोहान भान हरपून त्याच्यावर तुटून पडतो, फ्रीझा काही काळ गडबडतोही. पण सावरतो आणि मुलाला पायाखाली चिरडू लागतो. म्हणजे राग आला की जिंकता येते, हा नियम लेखकाने आपणच आधी खोडून ठेवला आहे. चांगल्या कथेत असा फसलेला प्रयत्न जवळजवळ हमखास सापडतो, कारण त्याच्याशिवाय खऱ्या जागृतीचे वेगळेपण कळत नाही.

दुसरी पायरी: सगळ्या वाटा बंद झाल्या आहेत का ते पाहा

शक्ती कधी जागी होते याची नेमकी जागा ठरलेली असते: पात्राकडचे शेवटचे ज्ञात हत्यार वाया गेल्यानंतर. गोकू आपले बळ वीस पटींपर्यंत ताणून पाहतो, तेवढ्याने भागत नाही. मग तो आसपासच्या ग्रहांकडून ऊर्जा मागून प्रचंड गोळा तयार करतो आणि फ्रीझावर सोडतो. सगळ्यांना वाटते, संपले. हसणे होते, परतीच्या गोष्टी होतात. आणि मग कड्यावर फ्रीझा उभा दिसतो.

त्या हसण्याकडे नीट लक्ष द्यावे. हत्यार संपल्यानंतर लगेच शोकांतिका आणली असती तर वाचक आधीच सावध असता. तोरियामा त्याला सैल सोडतात आणि मग गोकूचा सोबती पिकोलोला पाडतात, क्रिलिनला मारतात. आशेनंतरचा हा आघात आकड्यांनी मोजता येत नाही, पण पुढे येणाऱ्या शक्तीचे माप वाचकाच्या मनात तोच ठरवतो.

तिसरी पायरी: गेलेले परत येणार नाही, हे कथेत कुठे ठरले आहे

‘ड्रॅगन बॉल’च्या जगात मृत्यूची भीती कमी आहे, कारण सात गोळे जमवले की मेलेला माणूस परत येतो. मग क्रिलिनच्या मरण्याने एवढे काय कोसळले? याचे उत्तर कित्येक प्रकरणे मागे आहे. क्रिलिन पूर्वी एकदा मारला गेला होता आणि पृथ्वीच्या गोळ्यांनी त्याला परत आणले होते. तेच गोळे एका माणसाला दुसऱ्यांदा जिवंत करत नाहीत. गोकूला हे ठाऊक आहे आणि तो ते बोलूनही दाखवतो. त्याच वेळी पिकोलो मेला तर पृथ्वीचे गोळेही कायमचे नाहीसे होतील, अशीही अट आहे. दोन जुने नियम एका क्षणी येऊन मिळतात आणि ज्या जगात मरण उलटवता येते तिथे हे एक मरण अटळ होते.

पुढे नामेकच्या गोळ्यांना ही मर्यादा नसल्याचे कळते आणि क्रिलिन परत येतोच. तेव्हाच्या वाचकाला अर्थात हे माहीत नव्हते. पण अशी सवलत एकदा दिली की पुढच्या प्रत्येक मरणाचे वजन घटते, आणि ही मालिका पुढे त्या घटीशी झगडत राहिली, असे माझे मत आहे.

रागाचा प्रकारही याच पायरीवर पाहून घ्यावा. सोनेरी केसांचा गोकू गोहानला सांगतो की पिकोलोला घेऊन निघ, माझा विवेक थोडा तरी शिल्लक आहे तोवर जा. वेडापिसा झालेला माणूस असे बोलत नाही. लहान गोहानच्या आंधळ्या संतापात आणि या संतापात हाच फरक आहे: गोहानचा राग त्याला वापरतो, गोकू आपल्या रागावर एक हात ठेवून असतो. शांत मनाच्या माणसात तीव्र संतापाने जागा झालेला योद्धा, असे त्याचे स्वतःचे वर्णनही पुढे येते.

चौथी पायरी: कागदावर आणि पडद्यावर प्रत्यक्ष काय केले आहे

आता प्रसंगाकडे यावे आणि तो हळू पाहावा. साप्ताहिक कृष्णधवल छापले जाते, त्यामुळे ‘सोनेरी’ केस म्हणजे प्रत्यक्षात शाई न भरलेले केस. आधीच्या शेकडो प्रकरणांत गोकूचे डोके हा पानावरचा ठळक काळा डाग होता. तो डाग एका चौकटीत नाहीसा होतो आणि डोळा आपोआप तिथे अडकतो. तोरियामांनी नंतर सांगितले आहे की गोकूचे केस काळे भरण्यात सहायकाचा फार वेळ जाई, तो वाचावा हा यामागचा एक हेतू होता, आणि त्या रूपातली भेदक नजर त्यांनी ब्रूस लीच्या नजरेवरून घेतली. दर आठवड्याच्या मुदतीखाली वाचवलेली शाई एका पिढीच्या डोक्यात बसलेली प्रतिमा ठरली, हे मला या सगळ्या कहाणीतले सर्वांत रंजक वाटते.

पडद्यावर वेगळा हिशोब चालतो. जपानी दूरचित्रवाणीवरच्या मालिकांनी १९६३ च्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’पासून कमी चित्रांत काम भागवण्याची रीत धरली; एका सेकंदाला चोवीसऐवजी अनेकदा आठच वेगळी चित्रे पुरवली जातात. दोन योद्धे खरोखर लढताना दाखवायचे तर प्रत्येक हालचालीला नवे चित्र लागते. पण मुठी आवळून एका जागी थरथरणारा माणूस, त्याच्याभोवती पुन्हा पुन्हा फिरणारी तीच तेजाची ज्वाळा, वर तरंगणारे दगड, आकाशातली वीज आणि बघणाऱ्यांचे स्थिर चेहरे एवढे थोड्या चित्रांत होते. गोकूच्या प्रसंगात त्याच उभ्या आकृतीचे केस काळे-सोनेरी, काळे-सोनेरी असे लुकलुकतात. उरलेले काम आवाज करतो: गोकूला आवाज देणाऱ्या मासाको नोझावा यांची ती वाढत जाणारी किंकाळी काढून टाकली तर त्या दृश्यात फारच थोडे उरते. आवाज बंद करून तो प्रसंग एकदा पाहावा, म्हणजे हे लगेच पटेल.

शिवाय दूरचित्रवाणी साप्ताहिकाच्या मागोमाग चालली होती, आणि मूळ कथा पुरेशी पुढे जाईपर्यंत वेळ काढणे भाग होते. नामेक पाच मिनिटांत फुटेल असे फ्रीझा सांगतो आणि ती पाच मिनिटे कित्येक भाग पुरतात. शक्ती साठवत उभे राहणे हा वेळ काढण्याचा सर्वांत स्वस्त आणि तरीही ताण टिकवणारा मार्ग होता. काबुकी रंगभूमीवर भावनेच्या टोकाला नट लाकडी ठोकळ्यांच्या ठेक्यावर एका मुद्रेत गोठतो, तिला ‘मिए’ म्हणतात. थबकलेल्या देहात कळस पाहण्याची सवय जपानी प्रेक्षकाला नवी नव्हती, एवढेच इथे नोंदवतो. त्याहून थेट नाते मी जोडणार नाही.

पाचवी पायरी: कथेतल्या पात्रांनाच नियम ठाऊक झाला आहे का

एखादी युक्ती प्रघात कधी बनते, याची माझ्याकडे एक सोपी खूण आहे: पात्रे तिची वाट पाहू लागतात. ‘ड्रॅगन बॉल’मध्येच पुढे सेल नावाच्या खलनायकाबरोबरच्या लढतीत हे उघड घडते. गोकू आपल्या मुलाला मैदानात पाठवतो तो याच हिशोबाने की गोहान चिडला की त्याचे खरे बळ बाहेर येईल. हे कळल्यावर सेललाही ते बळ पाहावेसे वाटते, आणि तो मुलाला चिडवण्यासाठी त्याच्या सोबत्यांवर आपली पिल्ले सोडतो. नायक आणि खलनायक दोघेही एकच कळ दाबून बघत असतात. पिकोलो गोकूला सुनावतो की त्या मुलाला या क्षणी संताप वाटत नाही, वडील आपल्याला का वाचवत नाहीत असा प्रश्न पडला आहे. शेवटी जमिनीवर पडलेले क्रमांक १६ च्या यंत्रमानवाचे मस्तक गोहानशी चार शब्द शांतपणे बोलते आणि सेल ते पायाखाली चिरडतो, तेव्हा बांध फुटतो.

नियम सर्वांना माहीत झाल्यावर तो पुन्हा खरा वाटावा यासाठी काय करावे लागते, याचा हा उत्तम नमुना आहे. तोरियामांनी नियम लपवला नाही; तो ओळखणाऱ्यांचा अंदाजच चुकवला. ज्याच्या मरणाने काही होईल असे कोणी धरले नव्हते, त्याच्याकडून ते घडवले.

त्यापुढचा टप्पा मात्र उतरणीचा आहे. काही काळाने गोतेन आणि ट्रंक्स ही दोन मुले खेळता खेळता सोनेरी केसांची, म्हणजे सुपर सैयान होतात, तेव्हा ट्रंक्सचा बाप व्हेजिटा वैतागून म्हणतो की सुपर सैयान जणू स्वस्तात विकायला काढले आहेत. विनोद म्हणून ते फक्कड आहे, पण जे मिळवायला क्रिलिनला मरावे लागले ते फुकट झाल्याची ती कबुलीही आहे. तुमच्या हातातल्या कथेत असे वाक्य किंवा असा प्रसंग दिसला की समजावे, इथून पुढे लेखकाला त्याच रंगावर दुसरा रंग चढवावा लागणार.

नंतरच्या लेखकांनी दुसरी वाट धरली आणि प्रघाताला शरीरशास्त्र दिले. ‘नारुतो’मध्ये उचिहा घराण्याचे डोळे आप्ताच्या वियोगाने बदलतात, आणि मालिकेच्या उत्तरार्धात असे स्पष्ट केले जाते की प्रेमाचे माणूस गमावल्याच्या वेदनेने मेंदूतून विशिष्ट ऊर्जा स्रवते आणि ती डोळ्यांवर काम करते. भावना हे निमित्त होते, ते इथे यंत्रणेचा भाग झाले. याचा फायदा असा की आता पात्रे ती वेदना मुद्दाम घडवून आणू शकतात आणि त्यातून भीषण कथा निघतात. तोटा असा की गूढ संपते.

सहावी पायरी: बिल कोणी भरले

शेवटी पुढची प्रकरणे वाचावीत आणि पाहावे की या शक्तीची किंमत कोणाला, किती मोजावी लागली. फुकट शक्ती वाचक एकदा मान्य करतो, क्वचित दोनदा. लुफीसारखी पात्रे आधीच किंमत मोजून ठेवतात: ‘वन पीस’मधले त्याचे ‘गिअर सेकंड’ हे आधीच्या पराभवानंतर विचार करून शोधलेले तंत्र आहे, ऐन युद्धात आभाळातून पडलेले नाही, आणि त्याचा ताण त्याच्या शरीरावर दिसतो.

या पायरीचा सर्वांत कठोर नमुना ‘हंटर × हंटर’मध्ये आहे. तिथल्या शक्तीचा नियम बराच आधी सांगितलेला असतो: स्वतःवर जितकी कडक अट घालाल तितके बळ वाढेल. आपला गुरुतुल्य काइट परत येणार नाही हे त्याचा मारेकरी पिटू याच्या तोंडून कळल्यावर गॉन नावाचा मुलगा आपले सर्वस्व देऊन टाकतो. पुन्हा कधी काही वापरता आले नाही तरी चालेल, अशा निश्चयाने तो आपल्या पुढच्या कित्येक वर्षांची वाढ एका क्षणात ओढून घेतो. समोर उभा राहतो तो प्रौढ, आडदांड, आभाळाला भिडलेल्या केसांचा माणूस. पॉवर-अपची सगळी बाह्य लक्षणे जागच्या जागी आहेत: अटळ मरण, ढासळलेली आशा, उभे केस, भेदरलेला शत्रू. पण पाहणाऱ्याला आनंद होत नाही. पिटूला ठार केल्यावरही तो मुलगा थांबत नाही, आणि त्याचा मित्र किलुआ तिथे पोहोचतो तेव्हा त्याला समोरच्या माणसाला ओळखायलाही क्षणभर जड जाते.

इथे नामेक आणि हा प्रसंग शेजारी ठेवून वाचावेत. गोकूने विवेक शिल्लक असताना मुलाला दूर पाठवले. गॉनजवळ पाठवण्यासारखे काही उरले नव्हते. तो पुढे रुग्णालयात सुकलेल्या लाकडासारखा पडून राहतो, आणि दुसऱ्याच्या विलक्षण शक्तीने शरीर बरे झाल्यावरही लोकांभोवतीचे जे तेज त्याला पूर्वी दिसत असे, ते आता दिसत नाही.